खाज गेली आणि वास आला

डॉक्टरताई, मी 32 वर्षांची आहे. सोलापुरातच युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये मशीनवर बसते. तीन महिन्यांपूर्वी घशासाठी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, नंतर अंगावरून घट्ट पांढरं जायला लागलं आणि खाज तर विचारू नका. मेडिकलमधून एक गोळी आणली, चार दिवसांत बरं वाटलं. आता महिनाभर पुन्हा जातंय, पण पातळ, राखाडीसारखं. खाज नाही, वास फार येतो. पाळी झाल्यावर जास्त आणि मिस्टरांजवळ गेल्यावर तर लाजच वाटते. तीच गोळी दोनदा घेतली, खाजेची ट्यूबही लावली, काही फरक नाही. रोज डेटॉलच्या पाण्याने आतून धुते. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, अशाने हाडं झिजतात. जाऊ म्हणते नवऱ्याकडूनच आलं असणार. जुनाच आजार परत आला का? माझीच स्वच्छता कमी पडते का? – एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

ताई, तीन महिन्यांपूर्वीचा त्रास आणि आत्ताचा त्रास हे बहुधा दोन वेगळे आजार आहेत. पहिला यीस्टचा, म्हणजे बुरशीचा होता. आत्ताचा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा वाटतो, त्याला आम्ही दवाखान्यात थोडक्यात बीव्ही म्हणतो. मेडिकलमधली ती गोळी बुरशी मारणारी असणार, म्हणून पहिल्यांदा लागू पडली आणि नंतर दोन्ही वेळा वाया गेली. तुमच्या स्वच्छतेत काही कमी नाही. उलट तुम्ही गरजेपेक्षा जास्त धुताय, आणि ते डेटॉलचं पाणी आजपासूनच बंद करा अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याचं कारण पुढे सांगते.

तपासल्याशिवाय पत्रावरून पक्कं निदान मी करणार नाही. पण तुम्ही खुणा इतक्या नेमक्या लिहिल्यात की त्यांच्याच आधाराने हे दोन आजार वेगळे कसे ओळखायचे ते सांगता येईल. माझ्या ओपीडीत आठवड्याला चार-पाच जणी तरी अशाच गोंधळात येतात. सगळ्या एकच वाक्य म्हणतात, ‘अंगावरून पांढरं जातंय.’ त्या एका वाक्यात दोन्ही आजार बसतात, आणि काहीही आजार नसलेली बाईसुद्धा बसते.

म्हणून आधी आजार नसलेल्या बाईचं सांगते. योनीमार्ग आतून कायम थोडा ओलसर असतो. पाळीनंतरचे काही दिवस स्राव कमी असतो. दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटायच्या सुमाराला, तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो आणि बोटांत धरला तर तार धरतो. पुढच्या पाळीआधी तो पुन्हा दाटसर, दुधट होतो. चड्डीवर वाळला की त्याचा फिकट पिवळसर डाग पडतो, तोही नेहमीचाच. याला किंचित आंबूस वास असतो, पण शेजारी बसलेल्या माणसाला येईल असा नाही. हा स्राव म्हणजे शरीराचं स्वतःचं धुणं आहे. त्याने हाडं झिजत नाहीत. हाडांतलं काहीही त्या वाटेने बाहेर पडत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. पांढरं जाणाऱ्या बाईची कंबर दुखत असेल तर दिवसभर मशीनवर वाकून बसणं, अंगात रक्त कमी असणं अशी कारणं आम्ही वेगळी शोधतो.

आता मुख्य गोष्ट. योनीमार्गात आंबटपणा असतो आणि दोन्ही आजारांतला सगळा फरक त्या आंबटपणात दडलेला आहे. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. दह्याच्या विरजणात जे जिवाणू असतात, त्यांच्याच कुळातले. योनीच्या अस्तरातून जी साखर मिळते तिच्यापासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. साधं पाणी 7 च्या आसपास असतं. योनीमार्ग 3.8 ते 4.5 इतका, म्हणजे ताज्या दह्याच्या जवळपास आंबट असतो. या आंबटपणात त्रास देणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत.

बुरशीला मात्र या आंबटपणाचं काही वाटत नाही. कँडिडा नावाची ही बुरशी कित्येक निरोगी बायकांच्या योनीमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. तुम्ही घशासाठी अँटिबायोटिक घेतलं, त्याने घशातल्या जंतूंबरोबर योनीतले राखणदार जिवाणूही मारले गेले. अँटिबायोटिक बुरशीला मारत नाही, त्यामुळे जागा मोकळी होताच ती पसरली. बुरशी अस्तरात रुतते आणि तिथे दाह होतो. म्हणून खाज, लाली, सूज, बाहेरच्या त्वचेवर बारीक भेगा, लघवी त्या सोललेल्या त्वचेला लागली की झणझण आग आणि संबंधाच्या वेळी दुखणं. स्राव घट्ट, पांढरा, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा किंवा पाणी निथळलेल्या दह्याच्या गुठळ्यांसारखा असतो आणि भिंतींना चिकटून राहतो. वास नसतो, असला तर हलका. काहींचा स्राव इतका चोथ्यासारखा नसतो, थोडा पातळही असतो, पण खाज हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. पुष्कळ जणींना ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढलेली जाणवते.

बीव्हीची गोष्ट याच्या उलटी आहे. इथे बाहेरून एखादा शत्रू आत शिरलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आंबटपणा उतरतो, पीएच 4.5 च्या वर जातो आणि एरवी दबून असलेले, हवेशिवाय जगणारे जिवाणू भराभर वाढतात. त्यात गार्डनेरेला नावाचा जिवाणू प्रमुख असतो, पण सोबत त्याचे अनेक भाऊबंद असतात. ते अस्तरात रुतत नाहीत, वरच्या वर थर करून बसतात. दाह होत नाही म्हणून खाज नाही, लाली नाही, सूज नाही. स्राव पातळ, एकसारखा, राखाडी झाक असलेला असतो. भाताची पेज किंवा फार पाणी घातलेलं दूध डोळ्यांसमोर आणा. गुठळ्या नसतात. आणि वास असतो. कितीतरी बायकांना बीव्ही असूनही काहीच जाणवत नाही, ज्यांना जाणवतं त्यांना बहुतेक वेळा वासच जाणवतो.

या वासाला पुस्तकांत ‘माशांसारखा’ म्हणतात. सोलापुरात ज्यांच्या घरी कधी मासा शिजत नाही अशा कितीतरी बायका येतात. त्या ‘कुबट’ म्हणतात, ‘सडका’ म्हणतात, एक बाई ‘चार दिवसांच्या शिळ्या पाण्यासारखा’ म्हणाली होती. म्हणून मी ‘माशाचा वास येतो का’ असं न विचारता ‘पाळीत आणि संबंधानंतर वास वाढतो का’ असं विचारते. तुम्ही न विचारता हेच लिहिलंत, आणि माझ्यासाठी तुमच्या पत्रातली ती सर्वांत मोलाची ओळ आहे.

असं का होतं ते उजनीचा मासा आणून रांधणाऱ्या बाईला पटकन कळेल. मासा साफ केला की आपण त्याला लिंबू किंवा चिंच लावतो आणि वास दबतो. माशाचा वास अमाइन नावाच्या पदार्थांचा असतो. आंबट लागलं की अमाइन बांधली जातात, हवेत उडत नाहीत. बीव्हीतले जिवाणू हीच अमाइन तयार करतात. आता पुरुषाचं वीर्य आणि पाळीचं रक्त या दोन्ही गोष्टी आंबटपणाच्या विरुद्ध बाजूच्या आहेत, दोघांचाही पीएच 7 च्या वर. त्या योनीत आल्या की उरलासुरला आंबटपणाही मारला जातो, बांधलेली अमाइन सुटतात आणि उग्र वास येतो. म्हणजे त्या रात्री तुम्हाला जी लाज वाटली तिच्यामागे हे साधं रसायन आहे. यीस्टमध्ये अमाइन बनत नाहीत, त्यामुळे तिथे असा वास वाढत नाही.

आता गोळीबद्दल. बुरशीवर सहसा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी देतात, किंवा क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी. ही औषधं बुरशीच्या पेशीचं जे आवरण असतं त्यावर काम करतात. त्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, तो बनू दिला नाही की बुरशी मरते. बीव्हीच्या जिवाणूंच्या आवरणात तो घटकच नसतो. त्यामुळे तुम्ही ती गोळी दोनदा काय, दहादा घेतली असती तरी हा वास गेला नसता. बीव्हीवर मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन लागतं. आणि हे उलट बाजूनेही खरं आहे, मेट्रोनिडॅझोलने बुरशी मरत नाही.

या चुकीत तुम्ही एकट्या नाही. 2002 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वतःच निदान करून दुकानातून यीस्टचं औषध घेतलेल्या 95 बायकांना तपासलं, तर त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश बायकांनाच नुसतं यीस्ट निघालं. बाकीच्यांत बीव्हीच्या बायका होत्या, दुसरे आजार होते, आणि काही जणींना काहीच आजार नव्हता.

त्या खाजेच्या ट्यूबचं मला जास्त वाईट वाटतं. मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून ज्या ट्यूब सर्रास हातात ठेवतात, त्यांतल्या बऱ्याचशा ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइडही असतं. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते म्हणून औषध चांगलं वाटतं, पण त्या नाजूक जागची कातडी पातळ होत जाते आणि बुरशी आतल्या आत पसरते. तुमच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती ट्यूब लावणं थांबवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या, डॉक्टरांना बघू द्या.

डेटॉलच्या पाण्याचंही तसंच आहे. जंतुनाशकाला आतला राखणदार जिवाणू आणि त्रास देणारा जिवाणू यांतला फरक कळत नाही, ते दोघांनाही मारतं. त्यात राखणदारांना पुन्हा वाढायला जास्त वेळ लागतो. साबण तर आंबटपणाच्या अगदी उलट. वास आला म्हणून आतून धुवायचं, धुतल्याने आंबटपणा आणखी उतरायचा, मग वास आणखी यायचा आणि बाई आणखी धुवायची. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायका महिनोन् महिने या चक्रात फिरत होत्या. डेटॉल, निंबाचं पाणी, तुरटी, सुगंधी वॉश यांतलं काहीही आत जाता कामा नये. आत दहीही ठेवू नका. दह्यातले जिवाणू कुळातले असले तरी योनीत वस्ती करणारे ते नव्हेत. बाहेरची जागा दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुतली की झालं.

सासूबाईंच्या ‘उष्णते’त थोडं तथ्य आहे, पण ते पहिल्या त्रासापुरतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, तुम्ही आठ-नऊ तास पत्र्याखाली एकाच जागी बसता, घामाने कपडा ओला राहतो. ओलसर, कोंदट जागा बुरशीला आवडते. त्यासाठी सुती आणि सैल चड्डी, दुपारी बदलायला एक जास्तीची, एवढं पुरे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कपडे एकाच पाण्यात खळबळून वाळत घालावे लागतात हे मला माहीत आहे. पण चड्डीत उरलेल्या पावडरनेही खाज सुटते आणि ती बुरशीसारखीच वाटते, म्हणून पाणी काटकसरीने वापरायचं असेल तेव्हाही त्या दोन कपड्यांना एक पाणी जास्त द्या. बीव्हीचा मात्र उष्णतेशी संबंध नाही, सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पिऊन तो जाणार नाही.

आता जावेच्या बोलण्याकडे येते, कारण त्यावरून घरात वितुष्ट येऊ शकतं. बीव्ही झाला म्हणजे नवरा बाहेर जातो असा अर्थ कोणीही काढू नये. शरीरसंबंधाशी बीव्हीचं नातं आहे हे खरं. ज्यांचा कधीच संबंध आलेला नाही अशा मुलींमध्ये तो क्वचित दिसतो आणि वीर्याने आंबटपणा उतरतो हे वर सांगितलंच. पण एकमेकांशी पूर्ण प्रामाणिक असलेल्या जोडप्यातही बीव्ही होतो. फक्त एक नवी गोष्ट सांगायला हवी. हे जिवाणू पुरुषाच्या शिश्नाच्या त्वचेवरही राहू शकतात. 2025 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत बाईबरोबर नवऱ्यालाही एक आठवडा गोळ्या आणि लावायचं मलम दिलं, तर तीन महिन्यांत बीव्ही परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. म्हणून उपचारानंतर हा आजार पुन्हा पुन्हा परतू लागला तर मिस्टरांनाही घेऊन या. यीस्टमध्ये नवऱ्याला औषधाची गरज सहसा नसते, त्याला स्वतःला खाज किंवा लाली असेल तरच लागते.

नवऱ्यालाही औषध हमखास द्यावंच लागतं असा तिसरा एक आजार आहे, ट्रायकोमोनास. त्यात स्राव पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ असतो आणि वास व खाज दोन्ही एकत्र असतात. तो संबंधातूनच पसरतो. तुमच्या वर्णनात हिरवेपणा नाही आणि खाजही नाही, म्हणून मी त्याला मागे ठेवते, पण तपासणीत तोही बघितला जाईल.

ती तपासणी कशी असते ते ऐकलंत तर भीती कमी होईल. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं साधन हलकेच आत घालून स्राव बघतात. दडपण येतं, दुखायला नको. दुखलं तर तसं सांगा. त्या स्रावाचा ठिपका पीएचच्या कागदावर लावतात. कागदाचा रंग 4.5 च्या आत दाखवत असेल तर यीस्टकडे कल, वर असेल तर बीव्ही किंवा ट्रायकोमोनासकडे. मग एका काचपट्टीवर स्राव घेऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकतात. हे द्रव्य आंबटपणाच्या अगदी उलट टोकाचं असल्याने बीव्ही असेल तर तोच वास भपकन येतो, तुमच्या रात्रीचा अनुभव काचेवर घडवून आणल्यासारखा. शेवटी ती काचपट्टी मायक्रोस्कोपखाली पाहतात. यीस्टमध्ये बुरशीचे धागे आणि कळ्या दिसतात. बीव्हीमध्ये अस्तराच्या पेशींवर जिवाणू इतके दाट चिकटलेले असतात की पेशीच्या कडा वाळू फासल्यासारख्या धूसर दिसतात, त्यांना क्लू सेल म्हणतात. पातळ एकसारखा स्राव, 4.5 च्या वरचा पीएच, त्या थेंबाने येणारा वास आणि क्लू सेल, या चारांपैकी तीन गोष्टी मिळाल्या की बीव्ही धरायचा, ही ॲम्सेल यांची 1983 मधली कसोटी आम्ही आजही वापरतो. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

तपासणी खरी यावी म्हणून काही पथ्यं लागतात. पाळी पूर्ण थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी जा, कारण रक्ताने पीएच चुकीचा वर दिसतो. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आत कुठलीही गोळी किंवा क्रीम नको आणि जायच्या दिवशी सकाळी वास जाईल म्हणून घासून धुऊ नका. बायका लाजेने नेमकं तेच करून येतात आणि मग काचपट्टीवर काहीच सापडत नाही. घरी स्राव बघायचा असेल तर सकाळी, खिडकीपाशी, पांढऱ्या सुती कापडावर ओला असताना बघा. ट्यूबलाइटखाली राखाडी रंग पांढराच वाटतो, आणि वाळल्यावर सगळेच डाग पिवळे दिसतात.

खाजगीत जाणं परवडत नसेल तर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत जा. सरकारी दवाखान्यात जिथे मायक्रोस्कोपची सोय नसते तिथे वर्षानुवर्षं अंगावरून जाण्यासाठी हिरव्या रंगाचं एक किट देत आले आहेत. त्यात जिवाणूंवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल अशी दोन्ही औषधं असतात. तपासणी करता येत नसेल तर दोन्ही बाजूंनी उपचार करायचे असा त्यामागचा विचार आहे, आणि गावपातळीवर तो योग्यच आहे. पण तुम्ही फ्लुकोनॅझोल बहुधा तीनदा घेऊन बसला आहात, शहरात तपासणीची सोय आहे, तेव्हा तपासूनच घ्या.

बीव्ही निघाला तर डॉक्टर बहुधा मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस असं लिहून देतील. जेवणानंतर घ्या. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळ होते, पण गोळी थांबवायची नाही. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणाऱ्या बायकाच महिन्याभराने पुन्हा येतात. ही गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. पाळी चुकली असेल, कॉपर-टी बसवली असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगायचं असतं. दिवस गेले असतील तर बीव्हीमुळे वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो आणि पोटातून घ्यायचं फ्लुकोनॅझोलही अशा वेळी टाळतात, म्हणून पाळीची तारीख लिहून न्या.

या सगळ्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो ताप आला, ओटीपोटात दुखू लागलं, संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त दिसलं तर. पाळी कायमची गेलेल्या बाईला लालसर किंवा घाण वासाचं पाणी जाऊ लागलं तर तिनेही हे लेखन बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावं.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. मेट्रोनिडॅझोलच्या कोर्सनंतर काही जणींना बुरशी डोकं वर काढते, तुमच्या घशाच्या औषधानंतर झालं तसंच. सात दिवस संपल्यावर वास गेला पण खाज सुरू झाली, स्राव पुन्हा चोथ्यासारखा झाला, तर औषध चुकलं असं समजू नका आणि मेट्रोनिडॅझोल पुन्हा घेऊ नका. तो पहिला आजार आहे आणि त्याला पहिली गोळी लागेल. वर्षात तीन-चारदा अशी खाज आली तर उपाशीपोटी साखर तपासा, कारण साखर वाढलेल्या बाईला बुरशी सोडत नाही.

कोर्सच्या सात दिवसांत संबंध टाळा किंवा निरोध वापरा. बरं झालंय की नाही हे पुढच्या पाळीनंतर कळेल. पाळी संपल्यावरच्या दोन-तीन दिवसांत वास आला नाही तर आंबटपणा परत बसला असं धरा. आला, तर नवी गोळी आणायला मेडिकलमध्ये जाऊ नका. त्याच डॉक्टरांकडे, तोच केसपेपर घेऊन जा, आणि त्या वेळी मिस्टरांनाही सोबत न्या.